पाडव्याचा निरोप आणि बस्त्याची तयारी

घाऊक कापडवाल्याची दिवाळी दुकानदाराच्या आधी संपते. दसऱ्यापर्यंत त्याचा बहुतेक माल गोदामातून निघून गावोगावच्या दुकानांत पोचलेला असतो आणि कोजागिरीनंतर जातात ती फक्त तातडीची पार्सलं. कुणाला मापं कमी पडली, कुणाचा एखादा रंग संपला, एवढंच. दुकानदाराची खरी धावपळ मात्र वसुबारसेपासून लक्ष्मीपूजनाच्या रात्रीपर्यंत चालते. त्यामुळं पाडव्याच्या सकाळी दोघांची मनं वेगवेगळ्या ठिकाणी असतात. घाऊकवाला लग्नसराईत पोचलेला असतो आणि दुकानदार गल्ला मोजून, पाय वर करून, पहिल्यांदा शांतपणे चहा पीत असतो. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा, नवीन माल आला आहे, अवश्य भेट द्या’ हा संदेश त्याच्या मोबाईलवर नेमका याच वेळी येऊन पडतो. पणत्यांचं चित्र, खाली पेढीचं नाव, त्याखाली तीन फोन नंबर. असे निरोप सकाळपासून ढिगानं आलेले असतात. हात जोडल्याची खूण टाकून तो पुढं सरकतो.

हा निरोप नीट लिहिला तर बराच उपयोगी पडतो. मात्र त्यासाठी दुकानदाराला पुढच्या दोन-तीन महिन्यांत काय लागणार आहे, हे लिहिणाऱ्याला त्याच्याइतकंच ठाऊक हवं. उदाहरणासाठी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची एखादी पेढी डोळ्यांपुढं आणू आणि वर्ष घेऊ २०२५ चं.

गांधीनगर ही दक्षिण महाराष्ट्राची कापडाची मोठी पेठ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथं वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. ते गेल्यावर, फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्याच जागी वसली. त्यांनी कापडाचा धंदा मांडला आणि वाढवला. आज आजरा, गारगोटी, राधानगरीपासून घाटाखाली कणकवली, सावंतवाडीपर्यंत आणि पलीकडं निपाणी, संकेश्वरपर्यंतचे दुकानदार इथून माल भरतात. पण या पेठेची एक अडचण सगळ्यांना माहीत असते आणि उघडपणे कुणी फारसं बोलत नाही. लग्नाचा बस्ता बांधायला गावाकडची माणसंही गाड्या करून थेट गांधीनगरला येतात. म्हणजे जो घाऊकवाला दुकानदाराला माल देतो, तोच कधीकधी त्याच दुकानदाराचं गिऱ्हाईक पळवतो. नेहमीच्या दुकानदाराला लिहिताना ही गोष्ट मनात ठेवावी लागते. तो निरोप वाचताना ‘हा मला विकतोय की माझ्या गिऱ्हाइकाला?’ हे कुठंतरी तपासत असतोच.

बस्ता म्हणजे काय, हे शहरातल्या नव्या पिढीला सांगावं लागेल. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं मिळून कापडाच्या दुकानात बसतात आणि नवरीच्या शालूपासून आत्याच्या साडीपर्यंत आणि मामाच्या टॉवेल-टोपीपर्यंत सगळं एका बैठकीत घेतात. दुकानदार गादी मोकळी करतो, चहा येतो, घड्या उघडल्या जातात, मानपानावरून थोडं रुसणं-फुगणंही होतं. शालू किंवा पैठणी एखाद-दुसरीच असते. मोठा आकडा असतो तो देण्याघेण्याच्या साड्यांचा. मध्यम घरातल्या लग्नातसुद्धा या पंचवीस-तीस सहज लागतात. त्यांची अट ठरलेली असते. किंमत सगळ्यांची एकच हवी, म्हणजे कुणाला भारी दिली आणि कुणाला हलकी दिली असं व्हायला नको. तरीही साड्या एकसारख्या नकोत, कारण चार जावा एकाच साडीत मांडवात उभ्या राहिल्या तर चारहीजणी नाराज. दुकानात त्या किमतीच्या बाराच साड्या निघाल्या तर मंडळी उठतात. आणि ती बारा साड्या घेऊन उरलेल्या दुसरीकडं शोधत नाहीत, सगळा बस्ताच घेऊन जातात. शालूही गेला, शर्टपीसही गेले, टॉवेल-टोपीही गेली.

बस्ता लग्नाच्या आधी साधारण तीन ते सहा आठवडे बांधला जातो, कारण ब्लाउज शिवायचे असतात, फॉल-पिको व्हायचं असतं, नवऱ्यामुलाचे कपडे मापाला लागायचे असतात. आता पंचांग उघडू. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं आणि पाडवा २२ ला. तुळशीची लग्नं २ ते ५ नोव्हेंबर. माणसांच्या लग्नांचे मुहूर्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुरू झाले. म्हणजे पहिल्या लग्नांचे बस्ते दिवाळीचा फराळ संपायच्या आतच बांधायला आले. दुकानदाराच्या मांडणीवर तेव्हा काय होतं? दिवाळीतला उरलेला माल. लहान मुलांचे झगे, फॅन्सी ड्रेस, रेडिमेड शर्ट.

बस्त्याचा माल पाडव्यानंतर मागवून चालत नाही, याचं कारण सुरतेत आहे. देण्याघेण्याच्या साड्यांपैकी बहुतेक पॉलिस्टरच्या असतात आणि त्या सुरतेहून येतात. दिवाळीत सुरतेचे माग आणि रंगाई-छपाईची प्रोसेस हाउसं बंद होतात. तिथले कामगार मोठ्या संख्येनं उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडचे. ते दिवाळीला गावी जातात, अनेकजण छठपूजा करूनच परततात. बाजार लाभपंचमीला मुहूर्तापुरता उघडतो, पण माग पुन्हा पुऱ्या ताकदीनं चालायला आणखी बरेच दिवस जातात. त्यानंतर माल रंगून, घडी होऊन, ट्रान्सपोर्टनं कोल्हापूरला आणि तिथून आजऱ्याला पोचायचा. नोव्हेंबरअखेरच्या लग्नाच्या बस्त्याला हा माल गाठ पडणं अवघड. म्हणून ज्या घाऊकवाल्यानं सप्टेंबरमध्येच आगाऊ माल उचलून गोदामात टाकला, त्याच्याकडं पाडव्याच्या दिवशी सांगण्यासारखी एक खरी बातमी असते. माल इथं आहे, सुरतेत नाही. ‘नवीन व्हरायटी’, ‘ट्रेंडिंग कलेक्शन’ यांतल्या कशाहीपेक्षा दुकानदाराला हे वाक्य जास्त कळतं. घाऊकवाल्यानं त्यात पैसा अडकवलेला असतो, त्यामुळं माल लवकर हलावा ही त्याची गरजही आहेच. पण इथं दोघांची गरज एकच असल्यामुळं जाहिरात करतोय असं वाटत नाही.

त्या वर्षाच्या पंचांगात आणखी एक खोच होती. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत शुक्राचा अस्त होता आणि अस्तात लग्नं टाळण्याची रीत अजून बऱ्याच घरांत पाळली जाते. पहिला हंगाम त्यामुळं जेमतेम तीन-चार आठवड्यांचा. ज्यांना लवकर उरकायचं होतं ते सगळे या थोड्या दिवसांत दाटणार. त्यानंतर जे रिकामे आठवडे येतात, त्यांत दुकान कशावर चालवायचं? संक्रांतीवर. १४ जानेवारीला काळी साडी, नव्या सुनेचं आणि बाळाचं हलव्याच्या दागिन्यांचं कौतुक, बाळासाठी काळं झबलं, मग रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. काळ्या मालाला एरवी वर्षभर फारसा उठाव नसतो, या तीन आठवड्यांत मात्र तो मागून घेतात. पण काळ्याची जोखीम दुकानदाराला पक्की माहीत आहे. संक्रांत गेली की उरलेली काळी साडी लग्नाच्या आहेरात कुणी देत नाही. ती पुढच्या संक्रांतीपर्यंत घडीत पडते आणि घडीच्या रेषेवर तिचा रंग उतरतो. म्हणून दुकानदार काळा माल हात आखडून घेतो. घाऊकवाल्यानं ‘रथसप्तमीनंतर उरलेला काळा माल परत घेऊ’ एवढं सांगितलं तर तोच दुकानदार सहाऐवजी पंधरा साड्या उचलेल. अर्थात असं वचन सगळ्यांना देऊन चालत नाही. दिलं तर उरलेल्या सगळ्या काळ्या साड्या फेब्रुवारीत पेढीवर येऊन बसतील. म्हणून ते ओळखीच्या आणि हिशेब स्वच्छ असलेल्या दुकानदारांपुरतं आणि ठरावीक नगांपुरतं ठेवायचं.

आता प्रत्यक्ष निरोप. आजऱ्याच्या एका दुकानदाराला, जो बारा-पंधरा वर्षं या पेढीवरून माल नेतो, असं लिहिता येईल:

॥ श्री ॥
पाडवा, २२ ऑक्टोबर २०२५

दादा, नमस्कार.
तुम्हाला, वहिनींना आणि घरच्या सगळ्यांना पाडव्याच्या मनापासून शुभेच्छा. सकाळी वहीपूजन झालं. नव्या वहीत खाती उघडताना तुमचं नाव पहिल्या पानावर आलं, तेव्हाच म्हटलं आधी तुम्हाला निरोप धाडू.
गणपतीच्या आधी पावसानं गाडी अडकली आणि तुमचं पार्सल उशिरा पोचलं. तुम्ही सांभाळून घेतलंत, ते लक्षात आहे. धाकटीची यंदा बारावी ना? तिला आमचा आशीर्वाद सांगा.
दिवाळीचा काही माल राहिला असेल तर घडी न मोडता बाजूला ठेवा. तुळशीच्या लग्नाच्या आत पाठवलात तर बदलून देऊ.
यंदा पहिले मुहूर्त थोडे आहेत, डिसेंबरच्या मध्यानंतर अस्त लागतोय. म्हणून देण्याघेण्याच्या साड्या दसऱ्याच्या आधीच भरून ठेवल्या आहेत. हळदीचा पिवळा एकाच लॉटमधला आहे, तुम्हाला लागेल तेवढा वेगळा काढून देऊ.
रविवारी लाभपंचमीला सकाळी पेढी उघडतोय. तोवर विश्रांती घ्या. सवड झाली तर फराळाला या, नाहीतर मी सोमवारी फोन करतो.

निरोप इथं संपतो. खाली पेढीचं नाव आणि लिहिणाऱ्याचं नाव. तीन फोन नंबरांची गरज नाही, ज्याला हा निरोप जातो त्याच्याकडं नंबर वर्षानुवर्षं आहे.

यातल्या काही जागा थोड्या थांबून पाहण्यासारख्या आहेत. उशिरा पोचलेल्या पार्सलचा उल्लेख कुणी म्हणेल सणाच्या दिवशी कशाला. पण दुकानदार ते विसरलेला नसतो. गणपतीच्या आधीचे ते चार दिवस त्यानं गिऱ्हाइकांना ‘उद्या येतंय, उद्या येतंय’ म्हणत काढलेले असतात. आपण होऊन एका ओळीत मान्य केलं की तो विषय मिटतो. दुसऱ्या ओळीत त्याची कारणमीमांसा केली की पुन्हा उकरला जातो. धाकटीच्या बारावीचं तसंच. ही ओळ फक्त त्याच दुकानदाराला लिहिता येते. ती खरी असली तरच लिहावी. चुकून तिसऱ्याच्या मुलीची बारावी आजऱ्याला कळवली तर पूर्ण निरोपाचं हसं होतं, आणि पन्नास निरोप कॉपी करून पाठवताना हे नेमकं होतं. संबोधनही प्रत्येकाचं वेगळं. वयानं मोठ्या दुकानदाराला ‘काका’ किंवा ‘मामा’, बरोबरीच्याला ‘दादा’, ‘शेठ’. नवऱ्यामागं दुकान चालवणाऱ्या बाईंना ‘वहिनी’ किंवा ‘ताई’, जे आजवर तोंडी म्हणत आलो तेच. तोंडी ‘मामा’ आणि लेखी ‘आदरणीय ग्राहकवर्ग’ असं झालं की हे छापील आहे ते लगेच कळतं.

उरलेला माल बदलून देण्याची ओळ निरोपातली सगळ्यात वजनदार. पाडव्याला दुकानदाराच्या डोक्यात नव्या मालापेक्षा राहिलेला माल जास्त असतो. त्याचा पैसा त्यात अडकलेला, जागाही अडकलेली. ती मोकळी झाल्याशिवाय तो नवं काही घेणार नाही. बदलून देणं म्हणजे पैसे परत देणं नव्हे. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट निघते आणि तेवढ्या रकमेचा लग्नसराईचा माल जातो, जीएसटीचा हिशेबही त्या नोटेवरच जुळतो. अटी ठरलेल्या असतात. घडी मोडलेली नको, लेबल जागेवर हवं, सेटमधला एखादाच न खपलेला रंग नको. तुळशीच्या लग्नाची मुदत घालण्यात शहाणपण आहे, कारण त्यानंतर दुकानदार स्वतःच घाईत असतो. शिवाय परत आलेला दिवाळीचा फॅन्सी माल नोव्हेंबरच्या सुरुवातीला अजून एखाद्या बाजारगावात खपतो. डिसेंबरात त्याला कुणी विचारत नाही.

हळदीच्या पिवळ्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण वाचणाऱ्या दुकानदाराला तिथंच मोह पडतो. साड्या सुरतेहून सेटमध्ये येतात. एक डिझाइन, त्याचे सहा किंवा आठ रंग, एकेका रंगाची एक साडी. देण्याघेण्याला हा सेट फार सोयीचा. तीस साड्यांचा बस्ता आला तर आठ रंगांचे चार सेट, चार वेगळ्या डिझाइनचे पण एकाच किमतीचे, म्हणजे बत्तीस साड्या झाल्या आणि एकही दुसरीसारखी नाही. पण आता हळदीला सगळ्या बायका पिवळ्या साडीत, सगळे फोटोत एकसारखे, अशी हौस गावागावांत पोचली आहे. समजा पंधराजणींना एकच पिवळी साडी हवी. आठ रंगांच्या सेटमध्ये पिवळी एकच. पंधरा पिवळ्यांसाठी पंधरा सेट फोडावे लागतील आणि एकशे पाच साड्या दुसऱ्या रंगांच्या गळ्यात पडतील. लहान दुकानदाराला हे परवडत नाही, म्हणून तो हळदीचं गिऱ्हाईक हात हलवत परत पाठवतो. घाऊकवाल्याकडं गिऱ्हाइकं शंभर असतात, त्याला एकाच रंगाचा माल वेगळा मागवता येतो. म्हणून ‘लागेल तेवढा वेगळा काढून देऊ’ ही त्याच्या ताकदीतली गोष्ट आहे आणि दुकानदाराच्या ताकदीबाहेरची.

त्यातही ‘एकाच लॉटमधला’ हे दोन शब्द जाणकारासाठी आहेत. पिवळा रंग रंगाईत चटकन बदलतो. आजच्या लॉटमधला लिंबासारखा निघतो आणि पुढच्या आठवड्यातला किंचित केशरीकडं झुकतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच दिसतात. दारात, उन्हात नेऊन एकीचा काठ दुसरीच्या काठाला लावून धरला की फरक उठून दिसतो. हळदी होते सकाळी अंगणात आणि फोटो निघतात ते उन्हातच. म्हणून दुकानदारानं पिवळा माल उचलताना हे दारातच तपासावं, आणि घाऊकवाल्यानं दोन लॉट एका गठ्ठ्यात बांधू नयेत. ‘वहिनी आठ साड्या आज न्या, सात पुढच्या आठवड्यात येतील’ अशी बोलणी पिवळ्यात करू नयेत, एवढं तरी.

निरोपात भाव कुठंच नाही, आणि तो मुद्दाम नाही. घाऊक बाजारात एकच साडी तीन भावांनी जाते. रोखीनं नेणाऱ्याला वटाव मिळतो, दोन महिन्यांच्या मुदतीवर नेणाऱ्याला मिळत नाही, आणि वर्षाला पाच लाखांचा माल नेणाऱ्याचं गणित वेगळंच असतं. लेखी भाव गेला की तो फिरतो. आधी शेजारच्या पेढीवर, मग दुसऱ्या दुकानदाराकडं. शेवटी एखाद्या नवरीच्या मामाकडं पोचतो, जो आजऱ्याच्या दुकानात मोबाईल पुढं करून म्हणतो, ‘गांधीनगरात तर हीच साडी एवढ्याला आहे.’ मग दुकानदार पुढच्या वर्षी दुसऱ्या पेढीवर जातो आणि कारण सांगत नाही. साड्यांचे फोटोही त्याच कारणासाठी पाडव्याला पाठवू नयेत. फोटो लाभपंचमीनंतर, त्यानं विचारल्यावर, त्याच्या एकट्याच्या नंबरवर.

एकाच पेठेतले दोन दुकानदार आपले गिऱ्हाईक असले तर आणखी जपावं लागतं. शेजारशेजारच्या दोन दुकानांच्या काचेत एकच डिझाइन लागलं की दोघंही भाव पाडतात आणि दोघंही घाऊकवाल्याला बोलतात. म्हणून शहाणा व्यापारी अशा दोघांना वेगवेगळी डिझाइनं देतो आणि निरोपातही एकाच डिझाइनचं नाव दोघांना घेत नाही. वरच्या निरोपात डिझाइनचं नाव नाही, प्रकार आहेत. ते दोघांनाही लिहिता येतात.

आणि उधारी? ती पाडव्याच्या निरोपात आणायची नाही, अगदी ‘हिशेब पाहून घ्यावा’ अशा गोड शब्दांतही नाही. वसुलीचा माणूस दसरा ते धनत्रयोदशी या काळात फिरून गेलेला असतो, तेव्हा दुकानदाराच्या गल्ल्यात पैसा असतो. त्यातूनही राहिलं असेल ते लाभपंचमीनंतर फोनवर, नव्या मालाच्या बोलण्यात निघतंच. तिथं ते निघणं रास्त आहे. पाडव्याला वही पुजलेली असते आणि पुजलेल्या वहीतला आकडा त्या दिवशी कुणी कुणाला ऐकवत नाही.

त्या वर्षी आणखी एक मोह होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. एक हजारापासून अडीच हजारांपर्यंतचे तयार कपडे बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आले आणि अडीच हजारांच्या वरचे बारावरून अठरावर गेले. ‘जीएसटी कमी, लग्नाचा माल स्वस्त’ असं लिहायला कुणाचाही हात शिवशिवला असता. पण साडी हे न शिवलेलं कापड, तिच्यावर आधीही पाच टक्केच होते आणि नंतरही पाचच राहिले. नवरदेवाची भारी शेरवानी आणि नवरीचा तयार लेहंगा तर उलट महागले. दुकानदाराला हे बिलावर दिसतं. निरोपात खोटं निघालं की बाकीच्या ओळींवरही त्याचा विश्वास बसत नाही.

पाठवायची रीत छोटी आहे, पण तीत चूक झाली तर बाकी सगळं वाया जातं. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी करून एकदम पाठवलं तर ज्यांनी आपला नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये जपून ठेवलेला नाही त्यांना ते पोचतच नाही आणि पाठवणाऱ्याला ते कळतही नाही. घाऊकवाल्यानं नंबर बदलला असेल किंवा मुलाच्या नंबरवरून पाठवत असेल तर अर्धी यादी अशीच गळते. शंभर गिऱ्हाइकांपैकी वीस-पंचवीसजण धंद्याचा मोठा भाग उचलतात. त्यांना तरी एकेकाला, वेगळा, हातानं लिहिलेला निरोप जावा. बाकीच्यांना शुभेच्छांच्या दोन ओळी आणि लाभपंचमीची तारीख पुरे. वेळ पाडव्याची सकाळ उलटल्यावरची, दुपारच्या जेवणाच्या आधीची. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाठवलेलं गल्ल्याच्या गर्दीत बुडतं आणि भाऊबीजेला दुकानदार बहिणीकडं असतो. वयस्कर दुकानदार अजून छापील कार्डाला मान देतात, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं. त्यांना कार्ड आधी पोस्टानं जावं आणि पाडव्याला फोन.

निरोप लागू पडला की नाही हे कसं कळतं? हात जोडल्याच्या खुणेवरून काहीच कळत नाही, ती सगळ्यांनाच येते. प्रश्न आला तर कळतं. ‘पिवळ्यात खाली बुट्टी आहे का प्लेन?’, ‘दिवाळीचे झगे अठरा राहिलेत, सगळे घेणार का?’, ‘टॉवेल-टोपी पण पाठवाल का पार्सलमध्ये?’ असं काही आलं की त्यानं निरोप शेवटपर्यंत वाचला. अठरा झग्यांना लगेच हो म्हणू नये. कुठली मापं, ते आधी विचारावं. लहान मापाचे झगे लग्नातही खपतात, मोठ्या मापाचे अडतात. आणि काहीच उत्तर न आलेल्या नेहमीच्या दुकानदाराला सोमवारी फोन करावा, कारण गप्प बसलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा दुसऱ्या पेढीवर जाऊन आलेलं असतं. त्या फोनवर आधी तब्येत, मग दिवाळी कशी गेली, मग तो स्वतःहून काय विचारतो ते ऐकायचं.

एक गोष्ट त्या पाडव्याच्या निरोपात मुद्दामच घातलेली नाही. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आला, १७ मे ते १५ जून. ऐन उन्हाळी लग्नसराईत महिनाभर मुहूर्त नाहीत, म्हणून लग्नं फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत दाटायची. घाऊकवाल्याला हे ऑक्टोबरातच दिसत असतं, पण दिवाळीत दुकानदाराला मे महिना सांगून उपयोग नाही. तेवढ्या पुढचा माल भरायला त्याच्याकडं जागाही नसते आणि पैसाही. मात्र अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण आणि कपडे, लेकीला साडी. लग्नं थांबली तरी पँटपीस-शर्टपीसचे जोड, उपरणी आणि मध्यम किमतीच्या साड्या यांना महिनाभर उठाव राहतो, आणि हे गिऱ्हाईक बस्त्यासाठी गांधीनगर गाठणारं नसतं. दोन-तीन कपडे घ्यायचे असतात, ते गावातल्याच दुकानात घेतं. त्याचा निरोप गुढीपाडव्याचा, १९ मार्चचा. तोवर संक्रांतीचा काळा माल परत येऊन त्याचा हिशेबही मिटलेला असतो.